बिल्डर म्हणतो, आधी रद्दलेखावर सही करा, मग पैसे. काय करावं?

चिंचेचं_झाड | २२ नोव्हेंबर, रात्री १०.४०

पुण्यात वाघोलीच्या बाजूला डिसेंबर २०२० मध्ये टूबीएचके बुक केला. किंमत ४८ लाख. मुद्रांक शुल्काची सवलत ३१ मार्च २०२१ ला संपणार होती, म्हणून त्या महिन्यात धावपळ करून करारनामा नोंदवला. करारात ताब्याची तारीख ३१ डिसेंबर २०२४.

आतापर्यंत २४ लाख दिलेत. बुकिंगला ४ लाख ८० हजार, करारानंतर ९ लाख ६० हजार, जानेवारी २०२२ मध्ये प्लिंथ झाल्यावर ७ लाख २० हजार, जूनमध्ये पहिल्या स्लॅबला २ लाख ४० हजार. यातले १६ लाख बँकेचे आहेत, त्यांचा हप्ता चालू आहे. जीएसटी वेगळा.

दुसऱ्या स्लॅबच्या सळया उभ्या राहिल्या आणि काम थांबलं ते थांबलंच. तीन वर्षं झाली, सळया गंजल्यात, साइटवर वॉचमनसुद्धा नाही. गेल्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसमधून फोन आला. म्हणे, "तुमचे पैसे परत देतो, मुद्दल मिळेल, दोन टक्के कापू, चार पोस्टडेटेड चेक देऊ. पण आधी दुय्यम निबंधकाकडे येऊन कॅन्सलेशन डीड करून द्या. मार्चच्या आत केलं नाही तर तुमची स्टँप ड्यूटीही बुडेल."

बायको म्हणते मिळतंय ते घे आणि सुट. मला व्याज सोडवत नाही. पाच वर्षं आम्ही भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय. कुणी यातून गेलंय का?

---

राजगड | २२ नोव्हेंबर, रात्री ११.१५

दोन टक्के कापणं कायदेशीर आहे. महारेराच्या नमुना अलॉटमेंट लेटरमध्येच आहे, ६१ दिवसांनंतर रद्द केलं तर फ्लॅटच्या किमतीच्या दोन टक्के. म्हणजे तुमचे ९६ हजार जातील.

दुसरं, व्याज मागण्याआधी महारेराच्या साइटवर प्रकल्पाची तारीख बघा. बहुतेक बिल्डर मुदतवाढ घेऊन ठेवतात. तिथे २०२७ दिसत असेल तर तुमचा उशीर अजून सुरूच झालेला नाही.

---

चिंचेचं_झाड | २२ नोव्हेंबर, रात्री ११.३२

बघितलं. जून २०२७ दिसतंय. म्हणजे संपलं का सगळं?

---

आशय_डोंबिवली | २३ नोव्हेंबर, सकाळी ७.५०

संपलं कशाला? दर महिन्याचं व्याज मिळतं. माझ्या भावाला मिळालं, ताबा मिळेपर्यंत दरमहा. पैसे परत कशाला मागता? फ्लॅटही घ्या आणि व्याजही घ्या.

---

अधोरेखित | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

मी पुण्यात वकिली करते. महारेरातली प्रकरणं बरीच लढवली आहेत, बहुतेक घर घेणाऱ्यांच्या बाजूने. वर तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करते.

राजगड, ते दोन टक्के आहेत, पण घर घेणारा स्वतःच्या कारणाने बुकिंग सोडतो तेव्हाचे आहेत. नोकरी गेली, विचार बदलला, दुसरीकडे घर घेतलं, अशा वेळचे. शिवाय ती तरतूद अलॉटमेंट लेटरच्या टप्प्यावरची आहे. इथे नोंदणीकृत करार आहे आणि ताबा देण्यात बिल्डर चुकला आहे. रेरा कायद्याच्या कलम १८ खाली तो पूर्ण रक्कम व्याजासह परत करायला बांधील आहे. कपातीचा प्रश्नच येत नाही.

तारखेबद्दल. महारेराच्या पानावरची तारीख बिल्डरच्या नोंदणीची असते, ती मुदतवाढ घेऊन पुढे सरकते. तुमच्या करारातली तारीख तिच्याबरोबर सरकत नाही. कायद्यालाच आव्हान दिलं गेलं होतं, तेव्हा डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: नव्या नोंदणीमुळे जुना करार नव्याने लिहिला जात नाही. कोविडचं कारणही तुमच्याकडे चालायला अवघड आहे, कारण करार मार्च २०२१ चा आहे. साथ डोळ्यांसमोर असताना त्यांनी २०२४ ही तारीख लिहून दिली. तेव्हा तुमच्यासाठी उशीर १ जानेवारी २०२५ ला सुरू झाला.

आशय, तुमच्या भावाचा रस्ता वेगळा. तो प्रकल्पात राहिला, म्हणून त्याला ताब्याच्या तारखेपासून पुढच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळालं. चिंचेचं_झाड यांना बाहेर पडायचं आहे. बाहेर पडणाऱ्याचं व्याज ताब्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. बिल्डरच्या हातात प्रत्येक रक्कम ज्या दिवशी पडली त्या दिवसापासून ती परत मिळेपर्यंत मोजतात. व्याजाच्या व्याख्येतच ते लिहिलंय आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही.

दर महाराष्ट्राच्या नियमांत ठरलेला आहे, स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जासाठी बँक ठरवते तो पायाचा व्याजदर, अधिक दोन टक्के. सध्या ही बेरीज अकराच्या आसपास येते. सरळव्याज धरतात. कुणीतरी आकडे मांडा, मला आता कोर्टात निघायचंय.

---

पाटीपेन्सिल | २३ नोव्हेंबर, दुपारी १.०५

मी मांडले. अकरा टक्के सरळव्याज, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. नेमक्या तारखा माहीत नाहीत, म्हणून महिन्यांच्या मध्याच्या आसपास धरल्यात.

४ लाख ८० हजारांवर पाच वर्षांहून थोडं जास्त, सुमारे २ लाख ६७ हजार. ९ लाख ६० हजारांवर पावणेपाच वर्षांच्या वर, सुमारे ५ लाख ५ हजार. ७ लाख २० हजारांवर जवळपास चार वर्षं, ३ लाख १४ हजार. शेवटच्या २ लाख ४० हजारांवर साडेतीन वर्षं, ९४ हजार. एकूण व्याज अंदाजे ११ लाख ८० हजार.

हेच जर ताब्याच्या तारखेपासून मोजलं असतं, तर २४ लाखांवर एका वर्षाचे २ लाख ६४ हजार झाले असते. म्हणजे तारीख कुठली धरायची, एवढ्या एका मुद्द्यावर नऊ लाख इकडचे तिकडे होतात.

बिल्डर देतोय २४ लाख वजा ९६ हजार, तेही पुढच्या तारखांच्या चेकने. कायद्याने देणं आहे ३५ लाख ८० हजार.

---

चिंचेचं_झाड | २३ नोव्हेंबर, दुपारी १.४०

हात थरथरतोय हे वाचून. बँकेच्या पैशांवरही व्याज मलाच मिळतं का? १६ लाख तर बँकेने थेट बिल्डरला दिले.

---

अधोरेखित | २३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

हो. ते कर्ज तुमचं आहे, फेडताय तुम्ही. बिल्डरला मिळालेली सगळी रक्कम तुमचीच धरतात. फक्त परताव्यातून बँकेची बाकी आधी जाईल, कारण करारनामा त्यांच्याकडे तारण आहे. तोवर हप्ता थांबवू नका. बिल्डरवरचा राग बँकेवर काढला की सिबिल बिघडतो, आणि पुढचं घर घेताना तोच आडवा येतो.

कर्जावर भरलेलं व्याज वेगळं मागता येतं का, हे अनेकजण विचारतात. मागता येतं, पण ११ टक्के मिळत असताना त्यावर आणखी देण्यास महारेरा सहसा तयार होत नाही. त्यावर फार आशा ठेवू नका.

---

स्वयंसिद्धा | २३ नोव्हेंबर, रात्री ९.१०

मी ती सही केली होती, म्हणून लिहिते.

२०१९ ची गोष्ट, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीबाहेरचा प्रकल्प. सासरे आजारी होते, पैशांची गरज होती. बिल्डर गोड बोलला. रद्दलेख नोंदवला, त्यात एक वाक्य होतं की "खरेदीदाराचा या सदनिकेवर व प्रवर्तकावर कोणताही हक्क, दावा उरलेला नाही." मी वाचलं, पण हातात पाच चेक होते म्हणून काही वाटलं नाही. पहिला वटला. दुसरा, तिसरा परत आला. तोवर आमचा फ्लॅट त्याने दुसऱ्याला विकलेला होता, रीतसर नोंदणी करून.

महारेराकडे गेले तर समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा हाच होता की या बाई आता अलॉटीच, म्हणजे प्रकल्पात घर घेणाऱ्याच, नाहीत. शेवटी चेक न वटल्याची फौजदारी तक्रार केली. त्यातही बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते. एका चेकची मुदत माझ्या हातून गेली, कारण त्या आठवड्यात सासरे गेले. मुद्दल चार वर्षांनी कसंबसं आलं. व्याजाचा रुपया नाही.

दादा, ताईंना माझं सांगा. सुटायची घाई मलाही होती.

---

चिंचेचं_झाड | २३ नोव्हेंबर, रात्री ९.४८

तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण सहीचा विषय आज तरी थांबला.

मग मार्चचं काय? स्टँप ड्यूटी खरंच बुडते का? जवळपास दोन लाख भरलेत.

---

अधोरेखित | २४ नोव्हेंबर, सकाळी ८.४५

बिल्डर तिथे खोटं बोलत नाही, आणि म्हणूनच ते जाळं चांगलं आहे. महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात तरतूद अशी आहे की ताबा न घेता, करार झाल्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख झाला, तर रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत परताव्याचा अर्ज करता येतो. तुमची पाच वर्षं मार्च २०२६ मध्ये भरतात. महारेराचा आदेश तोवर येईल याची खात्री कुणीच देणार नाही.

पण तोलून बघा. दोन लाखांच्या भीतीपायी पावणेबारा लाखांचं व्याज आणि मुद्दलावरचा हक्क दोन्ही सोडायचे का? तक्रारीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीसुद्धा मागा, बिल्डरच्या चुकीमुळे झालेलं नुकसान म्हणून. मिळेल की नाही हे पीठावर अवलंबून आहे, मी दोन्ही प्रकारचे आदेश पाहिलेत.

बिल्डरला खरोखर मिटवायचं असेल तर मार्चच्या आधी एक मार्ग आहे. तक्रार दाखल करा आणि त्याला महारेराच्या सलोखा मंचात बोलवा. तिथे लेखी तडजोड करा, त्यात रक्कम, व्याज, हप्त्यांच्या तारखा असू द्या, आणि एक हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम ठरलेल्या दराने तात्काळ देय होईल असं कलम हवंच. रद्दलेख शेवटच्या पैशाच्या दिवशी, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातच, डिमांड ड्राफ्ट हातात घेऊन. महारेराच्या आदेशांतही क्रम असाच असतो: पूर्ण रक्कम मिळाल्यावर खरेदीदाराने रद्दलेख करून द्यावा. बिल्डर क्रम उलटा करू पाहतोय, एवढाच त्याचा डाव.

---

नीलमोहर | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.००

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. आम्ही तीन लाख भरले होते "प्री-लाँच"ला. एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्टचा फॉर्म आणि साधी पावती, एवढंच आहे. प्रकल्प लाँचच झाला नाही, रेरा नंबरच आला नाही. दीड वर्ष "पुढच्या महिन्यात" चाललंय. आम्हालाही अकरा टक्के मिळतील का?

---

राजगड | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.२५

नाही मिळणार. रेरा नंबर नाही म्हणजे रेरा लागूच होत नाही.

---

अधोरेखित | २४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.५०

राजगड, उलट आहे. नोंदणी करायला हवी होती आणि केली नाही, तर तोच मुळात भंग. नंबर मिळण्याआधी जाहिरात करायला, बुकिंग घ्यायला कायद्याने बंदी आहे. लहान प्रकल्प, म्हणजे भूखंड पाचशे चौरस मीटरपर्यंतचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा, सोडून. नोंदणी नसलेल्या प्रकल्पाविरुद्धही महारेराकडे तक्रार घेतात.

पण नीलमोहर, तुमच्या व्याजाबद्दल मी ठाम बोलणार नाही. कलम १८ करारातल्या तारखेभोवती उभं आहे. तुमच्याकडे ना करार, ना तारीख. अशा प्रकरणांत मुद्दल परत द्या असा आदेश बऱ्याचदा होतो, व्याज कधी देतात, कधी नाही. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे दिले, तर कलम १२ खाली व्याजासह परतावा मागता येतो. म्हणून माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फ्लायर, सेल्सवाल्याचे मेसेज, सगळं जपा. फॉर्मवर परताव्याची अट छापलेली असते, तीही बघा.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फीसुद्धा नाही, आणि तिथे व्याज किती द्यायचं ते आयोग ठरवतो. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलंय. मात्र दोन वर्षांची मुदत लक्षात ठेवा. दीड वर्ष गेलंच आहे.

---

माळरान | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं तहसील कार्यालयात वसुलीच्या टेबलावर होतो. महारेराची वॉरंटं माझ्या हातून गेलेली आहेत, म्हणून आदेशानंतर काय होतं ते सांगतो, कारण सगळे आदेशापर्यंतच बोलताहेत.

आदेशात दिलेली मुदत संपली आणि पैसे आले नाहीत, की तुम्ही पुन्हा महारेराकडे आदेश पाळला नाही असा अर्ज करायचा. मग वसुली वॉरंट निघतं ते जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे. शेतसाऱ्याची थकबाकी वसूल करतात त्याच पद्धतीने हे पैसे वसूल करायचे असतात: मागणीची नोटीस, मग जप्ती, मग लिलाव.

अडतं कुठे? वॉरंटवर कंपनीचं नाव आणि ऑफिसचा पत्ता असतो. तलाठी जातो, ऑफिसला कुलूप. कंपनीच्या नावावर मालमत्ता कुठली, हे कुणी सांगायचं? तहसीलचा माणूस शोधत बसत नाही, त्याच्याकडे अशी कित्येक असतात. वॉरंट "मालमत्ता आढळून आली नाही" शेऱ्यासह परत जातं.

ज्यांचे पैसे आले ते लोक स्वतः यादी घेऊन आले होते. कंपनीच्या नावचे गट नंबर आणि सातबारे. प्रकल्पाच्या महारेरा पानावर न विकलेल्या सदनिका दिसतात, त्यांचे नंबर. पावत्यांवरचे बँक खाते नंबर. एका सरांनी तर बिल्डरच्या दुसऱ्या, चालू प्रकल्पातले विकायचे राहिलेले चार फ्लॅट दाखवून दिले, तो त्याच कंपनीच्या नावावर होता. जप्तीची नोटीस लागली आणि पंधरा दिवसांत रक्कम भरली गेली. चालू धंद्याला हात लागला की पैसे निघतात.

आणि एक विचारतो. जमीन कुणाची आहे? बिल्डरची की विकसन करार केलेला जमीनमालक वेगळा?

---

चिंचेचं_झाड | २५ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

जमीनमालक वेगळे आहेत काका. गावातलंच कुटुंब. करारात बिल्डरने त्यांच्या वतीने कुलमुखत्यार म्हणून सही केलीय.

---

माळरान | २५ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

मग महारेराच्या पानावर "प्रमोटर"मध्ये त्यांचं नाव आहे का बघा. असेल तर तक्रारीत त्यांना सामनेवाले करा. मी पाहिलंय, कंपनी रिकामी असते, जमीन मात्र जागेवर असते. पण ज्याचं नाव आदेशात नाही त्याच्यावर वॉरंट चालत नाही. हे नंतर दुरुस्त होत नाही.

---

अधोरेखित | २५ नोव्हेंबर, सकाळी ९.५५

काकांनी मोलाचं सांगितलं. प्रकल्पात क्षेत्रफळाचा किंवा विक्रीचा वाटा घेणारा जमीनमालकही प्रवर्तक धरला जातो. तो "मी पैसे घेतलेच नाहीत" म्हणेल, आणि काही आदेशांत ते मानलंही गेलंय. तरी नाव घालावंच.

अजून एक पुरावा त्याच पानावर आहे. दर तिमाहीला बिल्डरने आर्किटेक्टचा फॉर्म १ आणि सीएचा फॉर्म ३ चढवायचा असतो. २०२२ अखेरचा फॉर्म १ आणि शेवटचा फॉर्म १ शेजारी ठेवा. कामाची टक्केवारी तीच असेल तर "काम चालू आहे" हे त्याचं म्हणणं त्याच्याच आर्किटेक्टने खोडलेलं असतं. आजच डाउनलोड करून ठेवा.

तक्रारीची फी पाच हजार. त्याआधी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने एक पत्र पाठवा. त्यात स्पष्ट लिहा: मला प्रकल्पातून बाहेर पडायचं आहे, रक्कम व्याजासह परत करा. "लवकर ताबा द्या, नाहीतर पैसे द्या" असं गुळमुळीत नको. न्यूटेक निकालात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की तारीख चुकल्यावर परतावा मागण्याचा हक्क बिनशर्त आहे. मागणी स्वच्छ हवी, एवढंच. आणि बिल्डर अपिलात गेला तर त्याला व्याजासकट सगळी रक्कम आधी अपिलीय न्यायाधिकरणात भरावी लागते. बरेच तिथेच तडजोडीला येतात.

---

पाटीपेन्सिल | २५ नोव्हेंबर, दुपारी २.३०

एक वेगळा विचार मांडतो. ३६ लाखांत आज त्या भागात टूबीएचके येत नाही. प्रकल्पात किती जण आहेत? नोंदणी संपली किंवा रद्द झाली तर उरलेलं काम करून घेण्याचा पहिला हक्क घर घेणाऱ्यांच्या संघटनेचा असतो. राहणारे पुरेसे असतील तर तेही बघा.

---

स्वयंसिद्धा | २५ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

दुसऱ्या स्लॅबवर थांबलेली इमारत लोकांनी पुरी करायची म्हणजे प्रत्येकाने आणखी पैसे घालायचे. गंजलेल्या सळयांवर पुढचा मजला चढवायचा की नाही हे आधी कोण तपासणार? नव्वद टक्के झालेल्या इमारतीत मी स्वतः राहिले असते. इथे नाही.

---

राजगड | २५ नोव्हेंबर, रात्री ८.००

माझे दोन्ही मुद्दे चुकले होते, मान्य. पण एक विचारतो. बिल्डर दिवाळखोरीत गेला तर? माझ्या मेहुण्याच्या बाबतीत आदेश हातात होता आणि कंपनी एनसीएलटीत गेली.

---

अधोरेखित | २५ नोव्हेंबर, रात्री १०.२०

तो धोका खरा आहे. दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला की स्थगिती लागते आणि कंपनीविरुद्धचं वॉरंट जागेवर थांबतं. मेहुण्यांना सांगा, एनसीएलटीने कंपनीवर नेमलेल्या अंतरिम निराकरण व्यावसायिकाकडे "फॉर्म सीए" नावाच्या अर्जाने दावा टाकायचा. नोटिशीत चौदा दिवस असतात. आदेश हातात आहे म्हणून तुम्ही आता घर घेणारे नाही, असं म्हणून खालच्या रांगेत बसवण्याचा प्रयत्न होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फरक अमान्य केलाय. पण व्याजासकट पूर्ण पैसे मिळतील असं मी म्हणणार नाही. तिथे सगळ्यांचंच कमी होतं.

म्हणून बिल्डरचा दुसरा प्रकल्प चालू आहे तोवरच हलायचं.

---

चिंचेचं_झाड | २९ नोव्हेंबर, रात्री ९.३०

पत्र काल स्पीड पोस्टाने आणि ईमेलने गेलं. सगळे फॉर्म १ उतरवले. डिसेंबर २०२२ ला १९ टक्के, गेल्या तिमाहीलाही १९ टक्के. प्रमोटरच्या यादीत जमीनमालकांपैकी दोन भावांची नावं आहेत, तिसऱ्याचं नाही, आणि सातबाऱ्यावर मात्र तिघे आहेत. तिसऱ्यालाही सामनेवाला करावं का?

बिल्डरच्या माणसाचा आज पुन्हा फोन आला. कपात सोडतो म्हणाला, व्याजाचं "बघू". मी सांगितलं, जे असेल ते ईमेलवर लिहून द्या. अजून काही आलं नाही.

---

माळरान | ३० नोव्हेंबर, सकाळी ६.४५

विकसन करारावर तिसऱ्याची सही आहे का ते आधी बघा. इंडेक्स २ ऑनलाइन मिळेल, पूर्ण दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून काढा. आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का तेही इथे कळवा.